लोटसचे 184 कोटी

5 जून 1995 हा सोमवार होता. त्या दिवशी आयबीएमने लोटस डेव्हलपमेंट या कंपनीच्या प्रत्येक शेअरला 60 डॉलर देऊ केले. आदल्या आठवड्यात बाजारात त्याच शेअरचा भाव साडेबत्तीसच्या आसपास होता. लोटसचे प्रमुख जिम मँझी यांनी कंपनी विकायला काढलेली नव्हती, त्यामुळे ही त्यांच्या मर्जीविरुद्ध आलेली बोली होती. आयबीएमसारख्या शिस्तीच्या कंपनीने असे पाऊल उचलावे याचे अमेरिकेत सगळ्यांनाच नवल वाटले. आठवडा संपायच्या आत सौदा 64 डॉलरवर ठरला आणि जुलैच्या सुरुवातीला पुराही झाला. वर्तमानपत्रांत साडेतीनशे कोटी डॉलरचा आकडा गाजला, पण आयबीएमच्या हिशेबात उतरलेली किंमत साधारण 324 कोटी डॉलर होती.

लोटस म्हणजे 1983 साली ‘लोटस 1-2-3’ हे स्प्रेडशीट बाजारात आणणारी कंपनी. 1995 पर्यंत त्या स्प्रेडशीटची सद्दी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने संपवली होती. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांचा डोळा होता ‘नोट्स’वर. एका कचेरीतल्या शेकडो माणसांना निरोप, कागद आणि माहिती एकमेकांत वाटून घेता येईल, असे हे सॉफ्टवेअर रे ऑझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले होते. हे सगळे व्यवस्थापनाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतर हिशेबनिसांच्या टेबलावर काय घडले त्याबद्दल, कारण पुढच्या सहा वर्षांत अमेरिकेच्या लेखानियमांनी जे वळण घेतले त्याची सगळी बीजे त्या एका वाटणीत दिसतात.

कंपनी विकत घेतली की मोजलेली रक्कम खरेदीदाराच्या ताळेबंदात कुठेतरी मांडावी लागते. इमारती, संगणक, येणी, बँकेतली शिल्लक हे सोपे असते. लोटसमध्ये देणी वजा जाता अशी दिसणारी मालमत्ता भरली जेमतेम साडेतीस कोटी. उरलेले सुमारे तीनशे कोटी डॉलर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी दिलेले होते. तेव्हाही नियम असाच होता की यातल्या ज्या गोष्टी वेगळ्या ओळखता येतील त्यांचे रास्त मूल्य आधी काढायचे आणि जे कशातच बसणार नाही त्याला शेवटी गुडविल म्हणायचे. म्हणजे गुडविल कोणी मोजत नाही. बाकी सगळे मोजून झाल्यावर जी वजाबाकी उरते ती गुडविल.

आयबीएमने मूल्यांकनासाठी बाहेरची तज्ज्ञ संस्था नेमली आणि वाटणी अशी झाली. ब्रँड, ग्राहक वगैरे ओळखता येणाऱ्या अमूर्त मालमत्तेला 54 कोटींच्या आसपास. बाजारात विकल्या जात असलेल्या सॉफ्टवेअरला 29 कोटी. गुडविल 56 कोटींच्या थोडे वर. आणि ‘विकसित होत असलेले सॉफ्टवेअर’, म्हणजे जे अजून पुरे झालेले नाही, ज्याची एकही प्रत विकली गेलेली नाही, त्याला 184 कोटी डॉलर. बेरीज खऱ्या किमतीपेक्षा तीस-एक कोटींनी जास्त भरते, कारण ओळखलेल्या मालमत्तेवर पुढे द्यावा लागणारा कर देणे म्हणून वजा होतो. तो बाजूला ठेवला तरी चित्र स्पष्ट आहे. मोजलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमधले छप्पन्न-सत्तावन्न डॉलर अपुऱ्या कामासाठी दिले, असे ती वाटणी सांगत होती.

हे 184 कोटी ताळेबंदात राहिले मात्र नाहीत. आयबीएमने ती सगळी रक्कम त्याच तिमाहीत खर्च म्हणून दाखवली. एरवी सव्वाशे कोटींहून अधिक नफा दाखवला असता त्या तिमाहीत 53 कोटी 80 लाख डॉलरचा तोटा जाहीर झाला. बाजाराने तो फारसा मनावर घेतला नाही. एकदाच होणारा, रोकड न लागणारा खर्च म्हणून विश्लेषकांनी तो बाजूला काढला आणि पुढच्या वर्षांकडे पाहायला सुरुवात केली.

यात आयबीएमने नियम मोडला नव्हता. उलट नियमच तसा होता. 1974 साली अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने, म्हणजे एफएएसबीने, ठरवले होते की कंपनीने स्वतःच्या संशोधनावर केलेला खर्च त्याच वर्षी खर्ची टाकायचा, कारण त्यातून काही निघेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. मग दुसऱ्याचे अर्धवट संशोधन कंपनीसकट विकत घेतले तर काय करायचे? 1975 च्या फेब्रुवारीत मंडळाने खुलासा काढला. आधी त्या संशोधनाला खरेदी किमतीतला वाटा द्या, आणि दुसऱ्या कशासाठी त्याचा उपयोग होण्यासारखा नसेल तर तो वाटा लगेच खर्ची टाका. घरचे आणि बाहेरचे संशोधन एका मापाने मोजावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता.

पण शेजारीच दुसरा नियम होता. 1970 सालापासून गुडविल जास्तीत जास्त 40 वर्षांत हप्त्याहप्त्याने खर्ची टाकावे लागे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतकी लांब मुदत कोणी मान्य करत नसे, तिथे पाच-सात वर्षेच धरली जात. समजा ते 184 कोटी गुडविलमध्ये गेले असते आणि पाच वर्षे धरली असती, तर दरवर्षी 37 कोटींच्या जवळपास नफा कमी दिसला असता, तोही सलग पाच वर्षे. त्याऐवजी एका तिमाहीत सगळे धुऊन निघाले आणि पुढची वर्षे मोकळी झाली. एकच किंमत, एकच कंपनी, पण वजाबाकीत उरलेली रक्कम कोणत्या रकान्यात जाते यावर पुढच्या पाच वर्षांचा नफा ठरत होता. हे एकदा दिसले की बाकीच्या कंपन्या स्वस्थ बसणार नव्हत्या.

त्या बसल्याही नाहीत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तंत्रज्ञान कंपन्यांच्या खरेदीत निम्म्याहून अधिक किंमत ‘चालू संशोधन’ म्हणून खर्ची टाकण्याचे प्रकार सर्रास दिसू लागले. न्यूयॉर्क विद्यापीठाचे बारूख लेव्ह यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही प्रकरणे गोळा करून त्यांवर लिहिले. कळस झाला 1998 साली. वर्ल्डकॉमने एमसीआय ही दूरध्वनी कंपनी घेतली तेव्हा सहा-सातशे कोटी डॉलर चालू संशोधन म्हणून खर्ची टाकायचा तिचा विचार होता. लांब पल्ल्याचे फोन जोडून देणाऱ्या कंपनीत इतके अपुरे संशोधन कुठून आले, हा प्रश्न शेअर बाजाराची नियामक संस्था एसईसी हिला पडला. बोलणी झाली आणि आकडा 310 कोटींवर आला. मूल्यांकनाच्या आकड्याला पाया असेल तर तो विचारपूस झाल्यावर निम्मा होत नाही. माझ्या मते त्या काळच्या पद्धतीबद्दल याहून बोलका पुरावा नाही.

सप्टेंबर 1998 मध्ये एसईसीचे मुख्य लेखापाल लिन टर्नर यांनी सनदी लेखापालांच्या संस्थेला पत्र लिहून मूल्यांकनातले दोष मांडले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला एसईसीचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात नफा रंगवण्याच्या पाच युक्त्या सांगितल्या, त्यांत ही एक होती. भाषण जास्त गाजले, पण कामाचे होते ते पत्र. त्यातल्या आक्षेपांचा गाभा एका कल्पित उदाहरणातून नीट कळतो.

समजा विकत घेतलेल्या कंपनीत एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार होते आहे. ती बाजारात आल्यावर जो नफा होईल त्याचे आजचे मूल्य, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या पैशाला व्याजाची कात्री लावून, 100 कोटी निघते. जुन्या पद्धतीचा मूल्यांककर्ता हे 100 कोटी सरळ चालू संशोधनाच्या नावे लिहून मोकळा होई. आता पहिला प्रश्न असा की नवी आवृत्ती कोऱ्या कागदावर लिहिलेली आहे का? तशी ती कधीच नसते. तिचा पाया जुन्याच कोडचा असतो, तो आजही चालतो आणि विकला जातो. त्या पायाचे श्रेय 35 कोटी धरले तर उरले 65. हे 35 कोटी तयार तंत्रज्ञानाच्या नावे ताळेबंदात राहतील आणि वर्षानुवर्षे खर्ची पडतील.

दुसरा प्रश्न असा की हा नफा एकट्या कोडमुळे होणार आहे का? विक्रीला नाव लागते, जुने ग्राहक लागतात, कामावर असलेली माणसे लागतात, खेळते भांडवल लागते. या प्रत्येकाला आपल्या वाट्याचा परतावा मिळायला हवा. जणू काही कोडच्या मालकाने या सगळ्या गोष्टी भाड्याने घेतल्या आहेत असे समजून ते भाडे आधी वजा करायचे. धंद्यातले लोक त्याला साहाय्यक मालमत्तेचा आकार म्हणतात. तो 15 कोटी धरला तर उरले 50.

तिसरा प्रश्न सर्वांत टोकदार होता. सौद्याच्या दिवशी काम किती झाले होते? दहापैकी चार भाग झाले असतील तर उरलेले सहा भाग खरेदीदार स्वतःच्या पैशाने आणि माणसांनी करणार आहे. ते त्याने विकत घेतलेले नाही. म्हणजे 50 चे चाळीस टक्के, 20 कोटी. शंभराचे वीस झाले. कुठेही आकडेमोड चुकलेली नव्हती, आधी न विचारलेले तीन प्रश्न विचारले गेले इतकेच. हे टक्के मी सोयीसाठी घेतले आहेत आणि काम किती झाले ते मोजायच्या पद्धतीवर पुढे वादही झाले, पण दिशा हीच होती. अनेक कंपन्यांना आपले जाहीर केलेले आकडे खाली आणावे लागले.

हे सगळे निस्तरत असतानाच एफएएसबीने मोठ्या प्रश्नाला हात घातला. तोवर अमेरिकेत दोन कंपन्या एकत्र आल्याचे दाखवण्याचा एक वेगळाच मार्ग होता. काही अटी पाळल्या की खरेदी झालीच नाही असे मानून दोघींचे ताळेबंद जुन्या आकड्यांनिशी एकमेकांत मिसळता येत. मग वाटणीही नाही आणि गुडविलही नाही. सप्टेंबर 1999 मध्ये मंडळाने मसुदा काढला की हा मार्ग बंद, सगळ्या सौद्यांत खरेदीच धरायची आणि गुडविल जास्तीत जास्त 20 वर्षांत संपवायचे. सिलिकॉन व्हॅलीत गहजब झाला. शेअर देऊन एकामागून एक कंपन्या घेणाऱ्यांचा सगळा नफा या हप्त्यांत बुडाला असता. अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या, मंडळावर दडपण आले. 2000 सालच्या डिसेंबरात मंडळाने तोडगा काढला. मिसळण्याचा मार्ग बंद राहील, पण गुडविल हप्त्यांनी खर्ची टाकावे लागणार नाही. दरवर्षी ते तपासायचे आणि त्याची किंमत घटल्याचे दिसले तरच घट दाखवायची.

या तोडग्याने सगळी ओढ एका रात्रीत उलटी फिरली. कालपर्यंत जो तो गुडविल टाळत होता. आता गुडविल हाच सर्वांत सोयीचा रकाना झाला, कारण त्यात टाकलेला पैसा नफ्याला हात लावत नाही. ग्राहकांशी असलेल्या करारांना 50 कोटी दिले तर ते दहा वर्षांत खर्ची पडतील, तेच 50 कोटी गुडविलमध्ये राहू दिले तर कदाचित कधीच पडणार नाहीत. मंडळाला हे दिसत होते. म्हणून जून 2001 मध्ये निघालेल्या 141 क्रमांकाच्या मानकात ओळखायचे म्हणजे काय ते पहिल्यांदा नेमके लिहिले गेले. एखादी अमूर्त गोष्ट कराराने किंवा कायद्याने मिळालेल्या हक्कातून आली असेल, तर ती वेगळी दाखवायची, मग ती सुटी विकता येवो न येवो. किंवा ती कंपनीपासून अलग करून विकता, भाड्याने देता किंवा परवान्यावर देता येण्यासारखी असेल, तरीही वेगळी दाखवायची. दोनपैकी एक कसोटी पुरेशी. शिवाय सोबत लांबलचक यादी जोडली: व्यापारचिन्हे, इंटरनेटवरची नावे, ग्राहकांच्या याद्या, हातातल्या ऑर्डरी, परवाने, भाडेकरार, चित्रपट आणि गाण्यांचे हक्क, पेटंट, डेटाबेस, गुप्त सूत्रे. यादी असण्याचा फायदा असा की लेखापरीक्षक तिच्यावर बोट ठेवून विचारू शकतो, हातातल्या ऑर्डरी कुठे आहेत?

एक गोष्ट मात्र मंडळाने मुद्दाम बाहेर ठेवली, ती म्हणजे जमलेली माणसे. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा संच वेगळी मालमत्ता म्हणून दाखवायचा नाही, तो गुडविलमध्येच राहील. लोटसच्या बाबतीत याचा अर्थ फार जवळून कळतो. आयबीएमने नोट्ससाठी मोजलेल्या पैशात ऑझी आणि त्यांच्या माणसांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? पण माणसांवर मालकी नसते. मँझी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, सौद्यानंतर तीन महिन्यांतच, बाहेर पडले. ऑझी 1997 मध्ये गेले आणि त्यांनी स्वतःची नवी कंपनी काढली. ते गेले तरी नोट्सचे कोड, नाव आणि ग्राहक आयबीएमकडेच होते. मला हा नियम योग्य वाटतो, कारण माणसे निघून गेल्यावर काय शिल्लक राहते याच प्रश्नाने ओळखता येणाऱ्या आणि न येणाऱ्या मालमत्तेतली रेघ आखली जाते.

चालू संशोधन लगेच खर्ची टाकण्याचा जुना नियम मात्र 2001 मध्येही तसाच राहिला. तो अमेरिकेत बदलला डिसेंबर 2007 च्या सुधारित मानकाने. तेव्हापासून विकत घेतलेले अपुरे संशोधन ताळेबंदात मालमत्ता म्हणून राहते, काम पुरे झाले की ते त्याच्या आयुष्यभरात खर्ची पडते आणि प्रकल्प सोडून दिला तर त्या दिवशी घट दाखवावी लागते. आंतरराष्ट्रीय मानकांनी हा मार्ग 2004 मध्येच धरला होता. आज लोटसचा सौदा झाला असता तर ते 184 कोटी एका तिमाहीत नाहीसे होऊ शकले नसते.

यामुळे वाटणी आपोआप खरी होते असे नाही. जुना मोह गेला, नवा आला. आता ग्राहकांशी असलेले संबंध कमी किमतीचे दाखवायचे, ब्रँडचे आयुष्य अमर्याद धरायचे आणि उरलेले गुडविलमध्ये ढकलायचे, अशी ओढ असते. हे ओळखायला मूल्यांककर्ते एक ताळा करतात. खरेदीदाराने मोजलेली किंमत आणि अपेक्षित रोकड यांवरून या सौद्यात किती टक्के परतावा गृहीत धरला आहे ते निघते. समजा तो 12 टक्के आहे. मग प्रत्येक मालमत्तेला तिच्या जोखमीप्रमाणे परतावा द्यायचा: खेळत्या भांडवलाला कमी, तंत्रज्ञानाला जास्त, गुडविलला सर्वांत जास्त. या सगळ्यांची वजनानुसार सरासरी पुन्हा 12 च्या जवळ यायला हवी. तिथपर्यंत पोचायला गुडविलला 30 टक्के परतावा द्यावा लागत असेल, किंवा उलट ते खेळत्या भांडवलाहून सुरक्षित ठरत असेल, तर वाटणीत कुठेतरी गफलत आहे. दुसरा ताळा आकड्यांशिवाय करता येतो आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो. सौदा जाहीर करताना संचालकांनी काय सांगितले होते ते काढून वाचायचे. ‘आम्ही या ग्राहकांसाठी ही कंपनी घेत आहोत’ असे म्हणणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात ग्राहकांच्या नावे किमतीचा किरकोळ भाग असेल, तर दोनपैकी एक विधान खोटे आहे.

भारतात ही ओढ करकायद्यानेही दाखवली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणात निकाल दिला की गुडविलवर आयकरात घसारा मिळू शकतो. तेव्हापासून एकगठ्ठा विक्रीत, म्हणजे स्लम्प सेलमध्ये, धंदा घेणाऱ्याला करापुरता तरी गुडविलमधून बाकीच्या गोष्टी वेगळ्या सोलण्याचा फारसा फायदा उरला नव्हता. 2021 च्या वित्त कायद्याने गुडविलवरचा घसारा बंद केला. व्यापारचिन्ह, पेटंट, तांत्रिक ज्ञान, परवाने यांवरचा 25 टक्क्यांचा घसारा मात्र चालू राहिला. त्याबरोबर, जी गोष्ट कालपर्यंत गुडविलमध्ये सुखाने पडून होती तिला नाव देण्याचे कारण निर्माण झाले. अमेरिकेत 1995 साली जे घडले त्याच जातीची ही ओढ आहे, म्हणून आपल्याकडच्या मूल्यांकन अहवालांनाही टर्नर यांचेच प्रश्न विचारायला हवेत: हे नाव कशाच्या आधारावर दिले, आणि याच्या नफ्यातून बाकीच्यांचे भाडे वजा केले का?

नोट्सची गोष्ट भारतात येऊन पोचली हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. डिसेंबर 2018 मध्ये नोएडाच्या एचसीएल टेक्नॉलॉजीजने जाहीर केले की आयबीएमची काही सॉफ्टवेअर उत्पादने ती 180 कोटी डॉलरला घेणार आहे. त्यांत नोट्स आणि त्याचा सर्व्हर डोमिनो होते, बाकीची उत्पादने वेगळी होती. सौदा 2019 च्या मध्यावर पुरा झाला. आता वाटणी इंड एएस 103 प्रमाणे करायची होती, आणि त्यात ओळखण्याच्या दोन्ही कसोट्या जवळजवळ जशाच्या तशा आहेत. नोट्स तेव्हा जवळपास तीस वर्षांचे झाले होते. 1995 साली ज्याच्या पुढच्या आवृत्तीवर आशा होती, त्याची किंमत आता मुख्यतः अशा कंपन्यांत होती ज्यांची रोजची कामे त्यावर चालत होती आणि ज्या दरवर्षी देखभालीचे पैसे भरत होत्या. अशा ग्राहकसंबंधांना वेगळा रकाना द्यावा लागतो, दरवर्षी किती ग्राहक सोडून जातात यावरून त्याचे आयुष्य ठरते, आणि त्या आयुष्यभर तो नफ्यातून थोडा थोडा वजा होत राहतो.